डार्क मोड: बॅटरी कुठे वाचते आणि वाचन कुठे अडतं

डार्क मोडची बाजू घेणाऱ्या माणसाकडे दोन मुद्दे हमखास असतात. एक, डोळ्यांना बरं वाटतं. दोन, बॅटरी वाचते. मला या दोन्हीपैकी एकही मुद्दा खोटा ठरवायचा नाही. माझं म्हणणं एवढंच की ही दोन्ही सुखं एकाच वेळी जवळजवळ कधीच मिळत नाहीत. ज्या प्रकाशात डार्क मोड बॅटरी भरपूर वाचवतो, त्या प्रकाशात तो वाचता येत नाही. आणि अंधारात तो डोळ्यांना सुखावतो, तेव्हा बॅटरीची बचत चहाच्या सुट्ट्या पैशांइतकी असते.

आधी बॅटरीचं बघू, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत.

फोनचे पडदे मुख्यतः दोन जातींचे. एलसीडी पडद्यात मागे एक दिवा सतत जळत असतो आणि पुढचे ठिपके त्याचा उजेड अडवतात किंवा सोडतात. काळं दाखवायचं म्हणजे उजेड अडवायचा. दिवा मात्र तेवढाच जळतो. त्यामुळे एलसीडीवर डार्क मोड लावून बॅटरी वाचवणं म्हणजे पडदे ओढून विजेचं बिल कमी करायला जाणं. दुसरी जात ओएलईडीची, जिला खोक्यावर बहुधा अमोलेड म्हटलेलं असतं. तिथे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. बचत होते ती इथे.

आपला पडदा कुठला, हे खोकं फेकून दिलं असेल तरी कळतं. रात्री खोलीतले दिवे घालवा, एखादं पूर्ण काळं चित्र पडदाभर उघडा आणि ब्राइटनेस शेवटपर्यंत वाढवा. पडदा करड्या रंगाने मंद उजळलेला दिसला, विशेषतः कडांना, तर एलसीडी. फोन हातात आहे पण पडदा कुठे संपतो तेच कळत नाही, असं झालं तर ओएलईडी. माझा भाचा मला बरेच दिवस "मामी, डार्क मोड लावा, चार्जिंग टिकतं" म्हणून सांगत होता. त्याच्याच फोनवर ही परीक्षा घेतली. छान करडा उजेड पडला! स्वस्त फोनांत आणि बहुसंख्य लॅपटॉपांत आजही एलसीडीच असतो.

बरं, ओएलईडी आहे असं धरू. मग किती वाचते? अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 साली हे नीट मोजलं. काही ओएलईडी फोन घेतले, त्यांवर यूट्यूब, गूगल मॅप्स, कॅलेंडर, कॅल्क्युलेटर अशी रोजची ॲप्स चालवली. ब्राइटनेस 100 टक्के असताना लाइटवरून डार्कवर गेल्यावर सरासरी 39 ते 47 टक्के बचत झाली. बातम्यांच्या मथळ्यात हाच आकडा येतो. पण ब्राइटनेस 30 ते 50 टक्के असताना बचत होती फक्त 3 ते 9 टक्के. आणि ऑटो ब्राइटनेस चालू असेल तर घरात, ऑफिसात आपला फोन बहुतेक वेळ याच पट्ट्यात असतो.

हिशोब करून बघा. लाइट मोडमध्ये, मध्यम ब्राइटनेसवर सहा तास पडदा चालेल असा फोन आहे. त्याचा वीजखर्च 3 टक्क्यांनी कमी झाला तर साधारण अकरा मिनिटं जास्त मिळतात आणि 9 टक्क्यांनी कमी झाला तर पस्तीस. पस्तीस मिनिटं काही वाईट नाहीत, पण त्यासाठी दिवसभर जे न रुचणारं आहे ते वाचत बसावं का, हा प्रश्न उरतोच.

त्याच अभ्यासातला एक बारकावा मला जास्त कामाचा वाटला. पिक्सेल 5 फोनवर गूगल न्यूज लाइट मोडमध्ये 20 टक्के ब्राइटनेसवर जेवढी वीज घेत होतं, तेवढीच डार्क मोडमध्ये 50 टक्क्यांवर घेत होतं. बॅटरीची खरी चावी ब्राइटनेसच्या पट्टीत आहे. डार्क मोड लावायचा, मग अक्षरं मंद दिसतात म्हणून ब्राइटनेस वाढवायचा आणि बचत झाली म्हणून खूश व्हायचं, हा उद्योग मी आजूबाजूला रोज बघते.

आणि 100 टक्के ब्राइटनेस लागतो कुठे? भर दुपारी रस्त्यावर. तिथे डार्क मोड लावून बघा. काळ्या काचेत मजकुराच्या जागी आपला चेहरा, मागची झाडं आणि आकाश दिसतं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर ते प्रतिबिंब बुजून जातं, काळ्यावर ते उठून दिसतं. म्हणजे 40 टक्के वाचवायची संधी नेमकी तिथे, जिथे पत्ता वाचायला हाताचा आडोसा करावा लागतो.

आता वाचनाकडे येते. माझं पोट मुद्रितशोधनावर चालतं, तेही हल्ली सगळं पडद्यावर, त्यामुळे इथे मी जरा जास्त बोलणार.

जर्मनीत डसेलडॉर्फ विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी या विषयावर अनेक प्रयोग केले आणि त्यांतल्या बऱ्याच प्रयोगांत लोकांना चक्क प्रुफंच तपासायला दिली. पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत लोकांना जास्त चुका सापडल्या. 2013 च्या अभ्यासात तरुण आणि वयस्क दोघांच्याही बाबतीत तेच दिसलं. अक्षर जितकं बारीक, तितका पांढऱ्या पार्श्वभूमीचा फायदा जास्त. आणखी गंमत म्हणजे 2007 च्या प्रयोगात खोली अंधारी असो की उजेडाची, फायदा टिकून राहिला.

कारण डोळ्याच्या बाहुलीत आहे. पडदा उजळ असला की बाहुली आकसते. आकसलेल्या बाहुलीतून येणारी प्रतिमा जास्त रेखीव असते, कारण भिंगाच्या कडांचे दोष तिच्यात कमी उतरतात. पडदा काळा झाला की बाहुली मोठी होते आणि ते सगळे दोष आत येतात. याच गटाने 2009 मध्ये दोन्ही पडद्यांवरचा एकूण उजेड सारखा ठेवून पाहिलं, तर पांढऱ्याचा फायदा गेला. म्हणजे सगळा खेळ उजेडाचा.

ज्यांच्या चष्म्याच्या नंबरात सिलिंड्रिकल आकडा आहे, म्हणजे ॲस्टिग्मॅटिझम आहे, त्यांना याचा त्रास जास्त. काळ्यावरचं पांढरं अक्षर त्यांना पसरल्यासारखं दिसतं, कडेला धूसर झालर येते. मी त्यांच्यातलीच. आणि देवनागरीत ही झालर फार महागात पडते. भ आणि म यांत, किंवा ध आणि घ यांत मुख्य फरक काय? शिरोरेषेतली एक छोटी फट. अक्षर पसरलं की सर्वात आधी ती फट बुजते. मग 'भरणे'चं 'मरणे' झालेलं नजरेतून सुटतं, आणि बँकेच्या पत्रकात असं सुटणं परवडत नाही. द्ध आणि द्य तर एरवीही एकमेकांच्या अंगावर असतात. अनुस्वाराचा ठिपका रफाराच्या शेजारी असेल, जसा 'वर्षं' मध्ये आहे, तर बारीक फॉन्टमध्ये दोन्ही मिळून एकच पुंजका होतो. रोमन लिपीतल्या सुट्या अक्षरांना इतकी दाटी सोसावी लागत नाही. म्हणून इंग्रजी मजकुरावर डार्क मोड चालला म्हणजे मराठीवर तितकाच चालेल, असं मी धरत नाही.

तरीही डार्कमध्ये मराठी वाचायचंच असेल तर दोन गोष्टी करा. अक्षर एक-दोन पायऱ्या मोठं करा. आणि जिथे निवड असेल तिथे ठार काळ्याऐवजी गडद करडी पार्श्वभूमी घ्या. गूगलनेही अँड्रॉइड ॲप बनवणाऱ्यांना डार्क थीमसाठी #121212 हा गडद करडा सुचवला होता. ठार काळ्यावर शुभ्र पांढरं अक्षर डोळ्यांत घुसतं, आणि काही ओएलईडी पडद्यांवर मजकूर सरकवताना विझलेले ठिपके पेटायला क्षणभर मागे राहतात, त्यामुळे अक्षरांमागे शेपटी दिसते. करड्यात दोन्ही त्रास कमी. बॅटरीचा तोटा नगण्य.

आता डार्कची खरी बाजू. माझ्या सासऱ्यांना मोतीबिंदू होता. ऑपरेशनची तारीख पुढे पुढे जात होती आणि फोनवर पेपर वाचताना ते सारखे डोळे चोळायचे. एकदा डार्क मोड लावून, अक्षर मोठं करून हातात दिला. "अगं, हे दिसतंय की! असंच ठेव." गढूळ झालेल्या भिंगातून पांढऱ्या पडद्याचा सगळा उजेड आत जाऊन विखुरतो आणि अक्षरांवर धुकं पसरतं. पडदा काळा केला की विखुरायला उजेडच कमी असतो. गॉर्डन लेगी आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्येच दाखवलं होतं की ज्यांच्या डोळ्यांतलं माध्यम गढूळ आहे अशा कमी दृष्टीच्या लोकांना काळ्यावर पांढरं जास्त वेगाने वाचता येतं. ऑपरेशन झाल्यावर थोड्याच दिवसांत सासऱ्यांनी स्वतःच पुन्हा पांढरं करून मागितलं.

रात्री गाडी चालवताना नकाशा काळाच हवा, त्यात वादच नको. पांढऱ्या नकाशाकडे एक नजर टाकली की बाहेरचा अंधारा रस्ता पुढचे काही क्षण नीट दिसत नाही. सिनेमा बघताना, फोटोंची छाटणी करतानाही भोवतालचं काळं बरं. आणि शेजारी मूल झोपलेलं असताना पांढरा पडदा उघडणं, याबद्दल आयांना काही सांगायची गरज नाही. झोप सुधारते म्हणून डार्क मोड लावणाऱ्यांना मात्र मी म्हणेन, फोनच ठेवा.

माझी स्वतःची सोय अशी. फोनवर डार्क थीम सूर्यास्त ते सूर्योदय अशी शेड्यूल केलेली आहे, अँड्रॉइडमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्येच ती सापडते, आयफोनवरही तशीच सोय आहे. कामाचा लॅपटॉप दिवसरात्र पांढराच, फक्त ब्राइटनेस खोलीच्या उजेडाला धरून खाली-वर. पडद्याशेजारी साधा कागद धरायचा. पडदा त्याहून झगझगीत वाटला तर कमी करायचा, मळकट वाटला तर वाढवायचा. रात्री लांबलचक मराठी लेख वाचायचा असेल तर मी फोनवरही पांढराच ठेवते आणि अँड्रॉइडमधलं 'एक्स्ट्रा डिम' चालू करते. ब्राइटनेसची पट्टी पार खाली नेली तरी पडदा जेवढा मंद होत नाही, तेवढा तो त्याने होतो. आयफोनवाल्यांनी ॲक्सेसिबिलिटीत जाऊन 'रिड्यूस व्हाइट पॉइंट' शोधावं, काम तेच होतं.