‘पासवर्ड बदला, विषय संपला’ या मेसेजला उत्तर

“कंपनीकडून ‘तुमचा डेटा फुटला’ असा मेल आला तर घाबरू नका. पासवर्ड बदला, विषय संपला. सीव्हीव्ही गेला नसेल तर कार्डाला धोका नाही, ओटीपीशिवाय पैसे हलत नाहीत. चार-सहा महिन्यांत काही झालं नाही म्हणजे तुम्ही सुटलात. आणि आपली माहिती नाहीतरी केव्हाच सगळीकडे पोचलीय, असले मेल वाचत बसू नका.”

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज आला तेव्हा दहा-बारा जणांनी अंगठे दाखवले. पहिल्या वाक्याशी माझं भांडण नाही. पुढची प्रत्येक सूचना मात्र माणसाला चुकीच्या कामाला लावते, म्हणून एक खराखुरा मेल समोर ठेवून एकेक मुद्दा घेतो. मेल एअर इंडियाचा आहे, मे 2021 मधला. महाराष्ट्रातून अमेरिकेला किंवा आखातात मुलाबाळांकडे गेलेल्या कितीतरी घरांत तो आला होता.

त्यात काय लिहिलं होतं? प्रवाशांच्या नोंदी सांभाळणाऱ्या सीटा या कंपनीच्या यंत्रणेत शिरकाव झाला. म्हणजे विमान कंपनीचं स्वतःचं संकेतस्थळ फुटलं नव्हतं, तिने ज्यांच्याकडे काम दिलं होतं त्यांचे सर्व्हर फुटले होते. जगभरातल्या सुमारे 45 लाख जणांची माहिती त्यात होती आणि ती ऑगस्ट 2011 पासून फेब्रुवारी 2021 पर्यंतची होती. माहितीची यादीही दिली होती: नाव, जन्मतारीख, संपर्क, पासपोर्टचा तपशील, तिकिटाचा तपशील, नियमित प्रवाशांच्या योजनेतली माहिती आणि क्रेडिट कार्डाची माहिती. कार्डाचे सीव्हीव्ही त्या कंपनीकडे साठवलेलेच नव्हते, असंही म्हटलं होतं.

आता पासवर्डचं बघू. त्याच मेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की पासवर्डना धक्का लागलेला नाही. तरी शेवटी ‘पासवर्ड बदला’ ही सूचना होतीच, आणि बहुतेकांनी तेवढंच वाक्य वाचलं. पासवर्ड बदलल्याने नुकसान काही होत नाही, पण जे चोरीला गेलं ते होतं जन्मतारीख आणि पासपोर्ट. त्यांच्यावर नव्या पासवर्डचा काडीचाही परिणाम होत नाही. चोर खिडकीतून येऊन दागिने घेऊन गेला आणि आपण दाराचं कुलूप बदलून निवांत झालो, असा हा प्रकार आहे. म्हणून मेलमधली यादी आधी वाचायची. यादीत जे नाव असेल त्याचाच इलाज करायचा.

पासवर्ड यादीत असेल तेव्हासुद्धा फक्त त्या एका कंपनीचा पासवर्ड बदलून भागत नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये बिगबास्केटच्या 2 कोटींहून अधिक ग्राहकांच्या नोंदी गेल्या. त्यात पासवर्ड मूळ रूपात नव्हते, हॅश केलेल्या रूपात होते. हॅश म्हणजे पासवर्डावरून काढलेला एक ठसा, ज्यावरून मूळ शब्द सरळ उलटा काढता येत नाही. पण चोर उलटा काढायच्या भानगडीत पडत नाही. लोकांचे नेहमीचे पासवर्ड तो एकामागून एक घेतो, प्रत्येकाचा ठसा काढतो आणि कुठला जुळतो ते बघतो. ‘ganesh123’ असल्या पासवर्डाला यात कितीसा वेळ लागणार? आणि एकदा जुळला की तोच पासवर्ड तुमच्या ईमेलवर लावून पाहिला जातो. त्यामुळे बदलायला सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे तिथेच येतात. मग जिथे जिथे तोच पासवर्ड वापरला असेल ती ठिकाणं घ्या. किराण्याचं खातं शेवटी आलं तरी चालेल.

सीव्हीव्ही आणि ओटीपीचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि अर्धं खरंच जास्त फसवतं. भारतातल्या संकेतस्थळावर कार्ड वापरताना ओटीपी लागतो. पण परदेशी संकेतस्थळांवर ओटीपी न मागताही पैसे कापले जाऊ शकतात, आणि काही ठिकाणी सीव्हीव्हीसुद्धा विचारत नाहीत. कार्डाचा नंबर आणि मुदतीची तारीख पुरते. म्हणून कार्डाची माहिती गेल्याचं कळलं की बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन त्या कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करा. ही सोय प्रत्येक बँकेने द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा जानेवारी 2020 चा आदेश आहे. त्यानंतर बँकेकडून कार्ड बदलून घ्या आणि नवा नंबर मिळतोय ना, हे विचारून घ्या.

तरीही पैसे गेलेच तर? रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधल्या तिसऱ्याच कुणाकडे माहिती फुटली, अशा वेळी बँकेचा संदेश आल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात केली तर खात्याच्या प्रकारानुसार ठरलेल्या मर्यादेपर्यंत तोटा आपल्याकडे येतो. त्यानंतर बँकेच्या धोरणावर सगळं अवलंबून. तक्रारीनंतर 10 कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम बँकेने तात्पुरती खात्यात जमा करायची असते. इथे तो मेल उपयोगी पडतो. माहिती तुमच्या हातून गेली नाही, कंपनीकडून गेली, हे सांगणारा तो कागद आहे. डिलीट करू नका.

पण याच परिपत्रकात दुसरी बाजूही आहे. ओटीपी तुम्ही स्वतः कुणाला सांगितला असेल तर तो तुमचा निष्काळजीपणा धरतात आणि बँकेला कळवेपर्यंतचा सगळा तोटा तुमचा. म्हणजे चोराला सगळ्यात सोयीचं काय? तुमच्याच तोंडून ओटीपी काढणं. आणि त्यासाठी लागणारं साहित्य या फुटलेल्या माहितीत तयार मिळतं.

एक उदाहरण कल्पनेने मांडतो. साताऱ्याच्या एक निवृत्त शिक्षिका 2014 मध्ये यजमानांबरोबर मुंबईहून नेवार्कला मुलाकडे गेल्या. तिकिटं मुलाने काढली, त्याच्या कार्डावर, त्याचाच ईमेल देऊन. 2021 चा तो मेल मुलाला आला. आईवडिलांना काहीच आलं नाही, कारण कंपनीकडे त्यांचा पत्ताच नव्हता. पण नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट तर त्यांचाही गेला होता. आता यादी घेऊन एकेक बघू. मुलाचं 2014 चं कार्ड मुदत संपून केव्हाच बाद झालं, तिथे करण्यासारखं काही नाही. बाईंचा पासपोर्ट 2012 चा, म्हणजे 2022 ला मुदत संपणार आणि नव्या पुस्तिकेला नवा नंबर येणार. नुसत्या नंबरावर कुणी त्यांच्या नावाने विमानात बसू शकत नाही, म्हणून घाईने बदलायची गरज नाही. राहिली जन्मतारीख, मोबाइल नंबर आणि ‘तुम्ही 2014 मध्ये नेवार्कला गेला होता’ ही माहिती. याला मुदत नाही.

एक दिवस फोन येतो. “नमस्कार मॅडम, तुमची जन्मतारीख अमुक, तुम्ही अमुक विमानाने गेला होता, बरोबर ना? डेटा फुटल्याबद्दल कंपनी भरपाई देतेय. एक नंबर आलाय मोबाइलवर, तेवढा सांगा.” एरवी सावध असणारं माणूस इथे फसतं, कारण समोरच्याला खरी माहिती आहे. पण समोरच्याला तुमची माहिती असणं हा तो कंपनीचा असल्याचा पुरावा नाही. ती माहिती फुटली, हेच तर मेल सांगत होता. मुलाने मेल वाचल्यावर पासवर्ड बदलण्याआधी आईला फोन करून एवढं सांगायला हवं होतं: तिकिटाचं किंवा पासपोर्टचं नाव काढून कुणी फोन केला तर ठेवून दे.

म्हणूनच ‘माहिती सगळीकडे पोचलीय’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. फोन नंबर पोचला असेलही. पण नंबर, जन्मतारीख, पासपोर्ट आणि प्रवास एकाच ओळीत असणं ही वेगळी गोष्ट आहे.

‘चार-सहा महिन्यांत सुटलात’ या मुदतीबद्दल तारखाच बोलतात. एअर इंडियाला सीटाकडून पहिली खबर 25 फेब्रुवारी 2021 ला मिळाली. नेमके कोणते प्रवासी, ते 25 मार्च आणि 5 एप्रिलला कळलं. प्रवाशांना मेल मे महिन्यात. म्हणजे तुम्ही वाचता तेव्हा चोराला आधीच अडीच-तीन महिने मिळालेले असतात. बिगबास्केटची माहिती आधी विकली गेली आणि एप्रिल 2021 मध्ये, चोरीनंतर सहा महिन्यांनी, फुकटात सर्वांसाठी टाकली गेली. मेसेजमधली मुदत संपते तिथे तिचा फैलाव सुरू झाला.

पॅन किंवा आधार यादीत असेल तर आणखी एक काम आहे, ते वर्षभर चालतं. तुमच्या नावावर कुणी कर्ज काढलं तर ते क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतं. भारतात असे रिपोर्ट देणाऱ्या चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. चारही एकदम मागवू नका, दर तीन महिन्यांनी एक घ्या, म्हणजे वर्षभर नजर राहते. रिपोर्टमध्ये आधी चौकशांचा भाग बघा. जिथे तुम्ही कधी अर्जच केला नाही अशा वित्तसंस्थेचं नाव तिथे असेल तर कुणीतरी तुमच्या नावाने प्रयत्न केलाय. कर्ज मंजूर व्हायच्या आधीच ते पकडता येतं. त्या वित्तसंस्थेला आणि रिपोर्ट देणाऱ्या कंपनीला लेखी हरकत पाठवा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

मेल मोघम असेल, ‘काही माहिती प्रभावित झाली असू शकते’ एवढंच असेल, तर? नोव्हेंबर 2025 मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचे नियम अधिसूचित झाले. त्यांत ग्राहकाला काय कळवायचं ते दिलं आहे: काय घडलं, किती आणि कधी, तुम्हाला त्याचे परिणाम काय होऊ शकतात, कंपनीने काय केलं, तुम्ही काय करावं, आणि कोणाशी बोलायचं. हे बंधन लागू व्हायला नियमांनी 18 महिन्यांची सवलत दिली आहे. पण प्रश्न विचारायला कुणी अडवत नाही. मेलमधल्या दुव्यावर मात्र टिचकी मारू नका, कारण असे खोटे मेलही फिरतात. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून तिथला तक्रार विभाग शोधा आणि दोन ओळी लिहा: “माझ्या नोंदीतली नेमकी कोणती माहिती गेली, ती कोणत्या तारखांची आहे, आणि माझ्याबरोबर नोंदवलेल्या आणखी कोणाची माहिती त्यात आहे, ते कळवावे.” शेवटचा प्रश्न गाळू नका, साताऱ्याच्या बाईंचं नाव त्याच्याच उत्तरात सापडतं.

पैसे गेलेच असतील तर बँकेला कळवल्यावर लगेच 1930 वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा, आणि तक्रारीला कंपनीचा तो मेल जोडा.