घोड्याचं मूत, शंभर वर्षं आणि आत्याचा फोन

«चिनी लोक अंडी शंभर वर्षं घोड्याच्या मुतात पुरतात आणि सडून काळी झाली की खातात. काळं म्हणजे विष, वर शिसं घातलेलं. एक खाल्लं तरी किडनी जाते. सगळ्यांना पाठवा.»

आमच्या आत्याने सगळ्यांना पाठवलं. तिची मुलगी सिंगापुरात असते आणि आदल्याच दिवशी तिने असलं अंडं घातलेली भाताची पेज खाल्ली होती. मग सकाळी सहाला फोन, रडारड, सगळं झालं.

मूत आधी निकालात काढतो. थायलंडमध्ये या अंड्याचं नावच 'घोडमुताचं अंडं' आहे, कारण त्याला अमोनियाचा दर्प येतो. नावापलीकडे घोड्याचा संबंध नाही. शंभर वर्षं म्हणजे साधारण चार ते सहा आठवडे.

'सडून काळी' याचा मात्र मला खरा राग येतो. बदकाची अंडी कळीचा चुना, धुण्याचा सोडा, मीठ आणि चहाच्या पाण्यात मुरवतात. चुना आणि सोडा मिळून कॉस्टिक सोडा, म्हणजे तीव्र अल्कली, तयार होतो आणि तो कवचाच्या छिद्रांतून आत झिरपतो. पांढरं आधी पाण्यासारखं पातळ होतं, मग थिजतं. उकडताना प्रथिनांचे गठ्ठे होतात म्हणून ते दुधाळ दिसतं. इथे अल्कलीमुळे प्रथिनं एकमेकांना ढकलत बारीक जाळं विणतात, म्हणून जेलीतून आरपार दिसतं. पांढऱ्यात थोडी साखर असतेच. ती प्रथिनांशी जुळून चहासारखा रंग धरते, भाजताना पाव तपकिरी होतो तसाच. बलकाचा हिरवट करडा रंग लोह आणि गंधकाचा.

सडवणारे जंतू तर इथे तगतच नाहीत. मुरताना पांढऱ्याचा पीएच 11 च्या पुढे जातो आणि साल्मोनेलाला ते सोसत नाही. सोबत आलं आणि व्हिनेगर देतात, त्याने उरलेला तुरटपणा मारला जातो.

आता शिशाचं. नाइलाजाने कबूल करतो, ही गोष्ट हवेतली नाही. जुन्या पद्धतीत शिशाचं ऑक्साइड घालत. त्याने छिद्रं बुजतात आणि अल्कली बेताने आत जाते, नाहीतर थिजलेली जेली पुन्हा पातळ होते. 2013 मध्ये चीनमधल्या नानचांगला मुरवण्याचा वेळ वाचवायला कारखान्यांनी औद्योगिक मोरचूद वापरलं. त्यात शिसं, आर्सेनिक असू शकतं, म्हणून तीस कारखाने बंद केले गेले. पण दोष त्या भेसळीचा आहे, अंड्याचा नाही. पाकिटावर 'शिसेविरहित' पाहून घ्यावं. त्याचा अर्थ शिसं वापरलेलं नाही, अंश शून्य आहे असा नव्हे, म्हणून रोज खाऊ नये आणि लहान मुलांना देऊ नये.

आत्याच्या लेकीला एवढंच सांगितलं: कवच तडकलेलं नको, सोलल्यावर पांढरं पातळ किंवा चिकट निघालं तर टाकून दे, आणि सोललेलं लगेच खा. तिने फोटो पाठवला. जेलीवर पाइनच्या पानांसारखी स्फटिकांची नक्षी होती. आत्या म्हणाली, "बुरशी आहे ती!"