परत भगव्यावर पांढरं!

दिवाळी पहाट कार्यक्रमाच्या निमंत्रणाचा मेल तपासायला आला. #FF9933 भगवा आणि त्यावर बारीक पांढरी अक्षरं. परत! मोजलं तर अक्षरं आणि मागचा रंग यांतला कॉन्ट्रास्ट 2.13:1. साध्या मजकुराला किमान 4.5 लागतो, मोठ्या अक्षरांनाही 3. त्याच भगव्यावर काळं टाकलं की साडेनऊच्या वर जातं. पण नाही, डिझायनर म्हणतो, "ताई, काळं सणाला बरं दिसत नाही, सावली देतो ना!" अरे, सावलीने अक्षराचा रंग बदलतो का? उलट अनुस्वार आणि रफार त्यात बुडतात.

वर म्हणे, "माझ्या स्क्रीनवर तर छान दिसतंय, भिया." दिसेलच! तू 1080 पिक्सेलचं चित्र मोठ्या मॉनिटरवर बघतोस. आमच्या रामबागेतले काका तेच 360 रुंदीच्या मोबाइलवर बघणार, म्हणजे तुझी 30 पिक्सेलची अक्षरं तिथे 10 ची. आणि त्या आकारात काय लिहिलंय? वेळ आणि जागा. प्रायोजकाचं नाव मात्र हातभर.

सगळा मजकूर एकाच चित्रात कोंबलेला, आणि चित्राऐवजी वाचला जाणारा आल्ट टेक्स्ट काय? "बॅनर फायनल 3". स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला हेच ऐकू येणार. चित्रं बंद ठेवणाऱ्यांनाही फार तर तेवढंच दिसणार. तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला आल्ट भरलेला दिसतो, म्हणून ते निमूट पास करतं. वेळ, जागा, प्रवेशिका कुठे मिळतील, एवढं मेलमध्ये साध्या मजकुरात टाइप करायला काय जातं? मग आल्टमध्ये एक ओळ पुरते.

आता "फायनल 4" आलाय. सावली वाढवलीय.