डबासेवेचे नाव कसे ठेवावे

हिंजवडीतील कचेऱ्यांना डबे पुरवण्याचा व्यवसाय आपण सुरू करणार असाल, तर स्वयंपाकी, शेगड्या आणि डबा पोहोचवणारा मुलगा यांची चिंता मागाहून करावी. आधी नाव ठरवावे, कारण महिन्याचे पैसे आगाऊ मिळतात ते नावावरच.

नावात आई असावी, नाहीतर आजी; दोघींपैकी कोणीही स्वयंपाकघरात असण्याची गरज नाही.

'वेळेवर' हा शब्द जरूर घालावा, मात्र कोणत्या वेळेवर हे सांगू नये.

नाव सर्वसाधारण असेल तितके उत्तम. १९९९च्या व्यापारचिन्ह कायद्यातील कलम ९ नुसार केवळ सेवेचे वर्णन करणारे नाव सहसा नोंदवून मिळत नाही, आणि हीच आपली सोय आहे. त्याच नावाच्या सेवा वाकडपासून माणपर्यंत गल्लोगल्ली असल्यामुळे चिडलेले गिऱ्हाईक तक्रार लिहिते ती बहुधा दुसऱ्याच्याच पानावर. तरीही बोभाटा झालाच, तर मागे 'न्यू' लावून नवा फोन घ्यावा.

'घरगुती' हा शब्द मात्र अनिवार्य समजावा. तो एकदा छापला की सोमवारचे छोले, मंगळवारचे मटार-पनीर आणि बुधवारची मिक्स व्हेज एकाच कांदा-टोमॅटोच्या वाटणातून काढता येतात. गेल्या आठवड्यात मला अशाच एका घरगुती डब्यात मटकीची उसळ मिळाली. मटकीचे दाणे फुटून पिठूळ झाले होते आणि जिभेवर साबणासारखी कडसर चव मागे राहत होती. लवकर शिजावी म्हणून सोडा सढळ हाताने घातला की हेच होते. पोळ्या गरम असतानाच डब्यात कोंबल्यामुळे वाफेचे पाणी झाकणावरून खाली गळले होते आणि त्यांचा एकच ओला गोळा झाला होता. डबा आला पावणेतीनला. पोळ्या पाच मिनिटे कापडावर पसरून निववाव्यात, मटकीला मोड आणावेत आणि ती सोड्याशिवाय शिजवावी, एवढे कोणत्याही घरात कळते. मग हे नक्की कोणाचे घर आहे? फोन केला तर पलीकडून उत्तर आले, "सर, आमच्याकडे सगळं घरगुतीच असतं."

अहो, असते तर मी फोन केला असता का? पाट्या रंगवणे आता पुरे करा. नावाखाली स्वयंपाकघराचा पत्ता लिहा, डबा किती वाजेपर्यंत पोहोचेल ती वेळ लिहा, आणि अन्ननोंदणीचा १४ अंकी क्रमांक पावतीवर छापा. तो छापणे बंधनकारक आहे, तुमच्या मर्जीचा प्रश्न नाही. तेवढी हिंमत नसेल, तर आईला तुमच्या पाटीवरून खाली उतरवा. आणि जे डबे आलेच नाहीत, त्यांचे आगाऊ घेतलेले पैसे आधी परत करा.