रात्रीत एक कान बंद झाला, तर पंधरा दिवस थांबू नका

«सकाळी उठल्यावर एका कानाने ऐकू येत नसेल तर घाबरून डॉक्टरकडे धावू नका. मळ फुगलेला असतो, नाहीतर सर्दी कानात उतरलेली असते. कोमट तेलाचे दोन थेंब टाका, वाफ घ्या. आठ-पंधरा दिवसांत कान आपोआप उघडतो. डॉक्टर लगेच स्टेरॉइड सुरू करतात, त्याने शरीर कायमचं बिघडतं. कान उघडला की विषय संपला.»

वरचा सल्ला धोक्याचा आहे. मळाने आणि सर्दीने कानाला दडे बसतात हे खरं आहे, आणि बहुतेक वेळा कारण तेवढंच निघतं. अडचण अशी की आतल्या कानाला इजा झाली तरी माणसाला अगदी तसंच वाटतं. कान गच्च भरल्यासारखा होतो, आत गुंई असा आवाज सुरू होतो. दुसरा कान चांगला असल्यामुळे घरातलं बोलणं ऐकू येत राहतं. त्यामुळे ‘ऐकू येत नाही’ असं फार थोडे लोक म्हणतात. ‘कान बंद झालाय’ एवढीच तक्रार असते. फोन त्या कानाला लावल्यावर पलीकडचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो किंवा येतच नाही, तेव्हा कुठे काहीतरी जास्त बिघडलंय हे लक्षात येतं.

मळ किंवा पडद्यामागचं पाणी हा आवाजाच्या वाटेतला अडथळा असतो. तो काढला की वाट मोकळी होते. दुसऱ्या प्रकारात वाट मोकळीच असते, पण आवाज पकडणारा आतला शंख किंवा त्याच्यापुढची नस काम करत नाही. यातला फरक ओळखायला घरी एक सोपी गोष्ट करता येते. तोंड मिटून ‘म्म्म’ असा लांब आवाज काढा आणि तो कुठल्या कानात जास्त घुमतो ते पाहा. बंद कानात घुमला तर बहुधा वाटेतला अडथळा आहे. चांगल्या कानाकडे सरकला तर आतल्या कानाची शंका घ्यायची. तज्ज्ञ हेच ५१२ हर्ट्झचा नादकाटा वाजवून आणि कपाळावर टेकवून तपासतात. घरच्या चाचणीत चूक होऊ शकते, विशेषतः एखाद्या कानाने आधीपासून कमी ऐकू येत असेल तर. म्हणून उत्तर मनासारखं आलं तरी तेवढ्यावर घरी थांबू नये. उत्तर वाईट आलं तर मात्र त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायचं.

उशीर कसा होतो हे एका काल्पनिक उदाहरणावरून नीट कळेल. ५२ वर्षांच्या, ६० किलो वजनाच्या एका बाई मंगळवारी सकाळी उठतात तेव्हा डावा कान बंद असतो. दवाखान्यात कान पाहिला तर थोडा मळ दिसतो. इथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते: मळ दिसला म्हणजे कारण सापडलं असं धरलं जातं, थेंब लिहून दिले जातात आणि आठवड्याने बोलावलं जातं. खरं तर मळाने कानाची पूर्ण नळी बुजलेली नसेल तर एवढं ऐकू येणं जात नाही. मळ तिथल्या तिथे काढावा. काढल्यावर कान त्याच क्षणी मोकळा झाला नाही, आणि मागचा पडदा स्वच्छ, चमकदार दिसत असेल, तर ‘कान छान आहे’ म्हणून निश्चिंत होऊ नये. उलट, पडदा चांगला असताना ऐकू येत नाही ही जास्त काळजीची गोष्ट आहे.

या बाईंची श्रवणचाचणी त्याच दिवशी होते असं धरू. उजव्या कानाला सगळ्या पट्ट्यांत १५ डेसिबलचा बारीक आवाजही कळतो. डाव्या कानाला ५०० हर्ट्झला ५०, १००० ला ६० आणि २००० ला ६५ डेसिबल इतका मोठा आवाज द्यावा लागतो, तेव्हा तो कळतो. ७२ तासांच्या आत, आवाजाच्या लागोपाठच्या तीन पट्ट्यांत ३० डेसिबल किंवा त्याहून जास्त घट झाली तर त्याला अचानक आलेला आतल्या कानाचा बहिरेपणा म्हणतात. श्रवणचाचणीचा जुना आलेख बहुतेकांकडे नसतो, म्हणून तुलना चांगल्या कानाशी करतात. आलेखाची प्रत स्वतःजवळ ठेवावी, कारण पुढची सगळी तुलना तिच्याशीच होते.

आता तेल आणि वाफ. आतल्या कानाचा शंख कानशिलाच्या हाडात बंद असतो. अखंड पडद्यातून थेंब आत झिरपत नाहीत आणि वाफ तर मधल्या कानाच्याही पलीकडे जात नाही. पडद्याला आधीच भोक असेल तर तेल मधल्या कानात उतरून दुखणं आणि संसर्ग होऊ शकतो. पडद्यावर तेलाचा थर बसला तर तपासणाऱ्याला नीट दिसतही नाही. पण सगळ्यात मोठं नुकसान यात जाणाऱ्या दिवसांचं असतं.

आपोआप बरं होण्याबद्दलचा मुद्दा आम्ही उडवून लावणार नाही. काहीही उपचार न घेता साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश रुग्णांना थोडंफार किंवा बरंच ऐकू येऊ लागतं. घट सौम्य असेल आणि चक्कर नसेल तर शक्यता चांगली असते. घट खोल असेल, सोबत गरगरत असेल किंवा वय जास्त असेल तर ती कमी होते. मात्र आपण कुठल्या गटात आहोत हे पहिल्या सकाळी कुणालाही सांगता येत नाही, आणि ज्यांचा कान परतत नाही त्यांना ते पंधराव्या दिवशी कळतं, म्हणजे उपचाराची मुख्य मुदत संपत आलेली असते तेव्हा. शंखातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. शंखाला रक्त पुरवणारी धमनीही एकच, तिला पर्यायी वाट नाही. विषाणू, रक्तपुरवठ्यातला अडथळा की शरीराची स्वतःवरच उलटलेली प्रतिकारशक्ती, नेमकं काय झालं हे दहापैकी नऊ जणांत सापडत नाही. म्हणून कारण शोधत न बसता सूज उतरवण्याचं औषध आधी दिलं जातं.

ते औषध म्हणजे स्टेरॉइड. त्याच्या बाजूचा पुरावा पोलादी नाही. जुन्या चाचण्या लहान होत्या आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. तरीही कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात सुरुवातीच्या दोन आठवड्यांत ते देता येईल असं म्हटलं आहे, कारण एका पारड्यात जन्मभराचा बहिरेपणा आहे आणि दुसऱ्यात थोड्या दिवसांचं औषध. जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं, पहिल्या काही दिवसांत सगळ्यात चांगलं.

नेहमीचा डोस किलोमागे १ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, दिवसाला जास्तीत जास्त ६० मिलिग्रॅम. आपल्या उदाहरणातल्या बाईंना ६० मिलिग्रॅम, सकाळी खाल्ल्यावर एकदम, एक ते दोन आठवडे, मग हळूहळू कमी करत बंद. इथे दोन चुका होतात. एक, कमी डोस: दुसऱ्या प्रकारचं स्टेरॉइड देताना हिशेब चुकतो. ६० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या बरोबरीला ४८ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन लागतं. दुसरी चूक याच्या उलट, जास्त दिलं तर जास्त फायदा होईल असं समजणं. जर्मनीत अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या चाचणीत खूप मोठे डोस नेहमीच्या डोसपेक्षा सरस ठरले नाहीत.

शरीर कायमचं बिघडण्याची भीती महिनोन्महिने घेतलेल्या स्टेरॉइडच्या अनुभवातून आलेली आहे. थोड्या दिवसांत बहुतेकांना झोप न लागणं, चिडचिड, भूक वाढणं, पोटात जळजळ एवढाच त्रास होतो आणि औषध थांबलं की तो जातो. मांडीच्या हाडाच्या खुब्याला इजा होण्यासारखे गंभीर परिणाम क्वचित होतात, पण होतात. साखर आणि रक्तदाब वाढू शकतो, म्हणून मधुमेह, क्षयरोग, पोटातला व्रण, काचबिंदू किंवा पूर्वीचा मानसिक आजार असेल तर तो पहिल्याच भेटीत सांगायचा. आणि गोळ्या स्वतःच्या मनाने कधीच सुरू करायच्या नाहीत.

ज्यांना गोळ्या चालत नाहीत त्यांच्यासाठी तेच औषध पडद्यातून कानात देता येतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या २५० रुग्णांच्या चाचणीत सुरुवातीचा उपचार म्हणून ही पद्धत गोळ्यांपेक्षा कमी पडली नाही. पडदा बधिर करून बारीक सुईने साधारण अर्धा मिलिलिटर औषध मधल्या कानात सोडतात. औषध शरीराइतकं कोमट केलेलं असावं लागतं, थंड असलं तर लगेच गरगरतं. नंतर तो कान वर ठेवून अर्धा तास पडून राहायचं आणि शक्यतो गिळायचं नाही, बोलायचं नाही. गिळताना कानातून घशाकडे जाणारी नळी उघडते आणि औषध घशात निघून जातं. ते तिथेच साठून राहिलं तर शंखाच्या गोल खिडकीवरच्या पातळ पडद्यातून आत झिरपतं.

आपल्या बाईंचा चौदाव्या दिवशीचा आलेख ३५, ४५ आणि ५० वर आला असं समजा. सुधारणा आहे, पण अपुरी. अशा वेळी कानातली इंजेक्शनं द्यावीत, अशी शिफारस त्याच मार्गदर्शनात अधिक ठामपणे केलेली आहे. त्यासाठी सुरुवातीपासून दुसरा ते सहावा आठवडा ही मुदत. दोन आठवड्यांत चार इंजेक्शनांनंतर त्यांचा आलेख २०, ३० आणि ४० वर आला, तर कान पूर्वीसारखा झाला असं म्हणता येणार नाही, पण फोन पुन्हा त्या कानाला लावता येईल. सहा आठवडे उलटून गेल्यावर पहिल्यांदा आलेल्या माणसाला देण्यासारखं फार थोडं उरतं, मग श्रवणयंत्राचाच विचार करावा लागतो.

विषाणूंवरच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी किंवा रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधं यांचा उपयोग दिसलेला नाही. डोक्याचा सीटी स्कॅनही सरसकट करू नये.

एक प्रसंग मात्र वेगळा आहे. कान गेल्याबरोबर चेहरा वाकडा झाला, बोलणं अडखळलं, दोन-दोन दिसू लागलं, हातापायातला जोर गेला किंवा उभंच राहता येईना, तर कानाच्या डॉक्टरची वेळ घेत बसायचं नाही. तो पक्षाघात असू शकतो. थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं.

आणि कान उघडला तरी विषय संपत नाही. अचानक ऐकू येईनासं झालेल्यांपैकी थोड्या लोकांत श्रवणनसेवर साधी, कर्करोगाची नसलेली गाठ सापडते, आणि स्टेरॉइडने ऐकू येऊ लागलं म्हणून ती नाही असं ठरत नाही. त्यासाठी कानाच्या नसेचा एमआरआय करतात, शिरेतून रंगद्रव्य देऊन. तो पुढच्या काही आठवड्यांत झाला तरी चालतो, पण त्याच्या अहवालासाठी गोळ्या थांबवून ठेवू नयेत. उपचार संपल्यावर एकदा आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत पुन्हा एकदा श्रवणचाचणी करायची, आणि पहिल्या दिवसाचा आलेख तेव्हा सोबत न्यायचा.