दहा मीटरच्या टोमण्याला उत्तर

गोदामातला माल ओळखायला आरएफआयडी, म्हणजे रेडिओ लहरींनी दुरून वाचले जाणारे चिपचे टॅग, की क्यूआर, यावरच्या माझ्या लेखावर एका वाचकाची प्रतिक्रिया: "लेख वाचून वाटलं, तुम्ही अजून २०१० मध्येच आहात. आरएफआयडी दहा मीटरवरून सगळा माल एका दमात वाचतो, तुम्ही बसा एकेक स्कॅन मारत! किमतीही जुन्याच दिल्यात. बारकोड आणि क्यूआरमधला फरक तर सांगितलाच नाही."

साहेब, किमतीचं मान्य. आकडे जुने होते, आज दुरुस्त केले. पण २०१० चा टोमणा लागला. शिरोली एमआयडीसीत अठरा वर्षं डिस्पॅच सांभाळतोय. चूक दाखवा, ऐकून घेईन. या सुरात बोलायची गरज नव्हती.

तुमचे दहा मीटर खरे आहेत, पण पुठ्ठ्याच्या खोक्यांवर आणि मोकळ्या जागेत. आमच्याकडे कास्टिंगने भरलेल्या लोखंडी पेट्या असतात. साधा स्टिकर टॅग लोखंडाला चिकटवला की त्याचा अँटेनाच बिघडतो, वीतभर अंतरावरूनही वाचला जात नाही. म्हणून आम्ही लोखंडासाठीचे, खाली जाड थर असलेले टॅग घेतले. कागदी लेबल रुपयाच्या आत पडतं, हे टॅग पन्नासच्या पुढे गेले. दारावर रीडर बसवला, पॉवर पूर्ण ३० डीबीएम.

एके दिवशी ४२ पेट्यांची गाडी भरली. स्क्रीनवर बरोब्बर ४२ आले, गाडी सोडली. दुसऱ्या दिवशी पुण्याहून गिऱ्हाईकाचा फोन: चार पेट्या रीडरच्या यादीत आहेत, गाडीत नाहीत, दुसऱ्याच चार आल्यात. मधल्या थरातल्या चार पेट्या लोखंडाआड झाकल्या गेल्या होत्या आणि दाराशेजारी उद्याच्या गाडीसाठी ठेवलेल्या चार वाचल्या गेल्या होत्या. चार सुटल्या, चार घुसल्या, बेरीज जुळली! हा घोळ नुसती संख्या बघून कधीच कळत नाही, प्रत्येक टॅगचा नंबर चलनाशी ताडावा लागतो. तो आम्ही ताडला नव्हता, हा दोष आमचा.

मग पॉवर २४ डीबीएमवर आणली. सहा डीबी कमी केले की अंतर साधारण निम्मं होतं. शेजारच्या पेट्या वाचायच्या थांबल्या, पण मधल्या जास्तच सुटायला लागल्या. तुमचे ते दहा मीटर आमच्या दारात उलटे पडले, साहेब. तुम्ही कधी लोखंडाच्या थप्पीपुढे रीडर धरून उभे राहिलात का?

आज प्रत्येक पेटीवर क्यूआरचं लेबल आहे. फोर्कलिफ्टवाला पेटी उचलण्याआधी स्कॅन मारतो, चुकीची असेल तर हँडहेल्ड तिथल्या तिथे बोंबलतो. एका पेटीला पाचेक सेकंद, ४२ ला साडेतीन मिनिटं. गाडी भरायला तसाही पाऊण तास जातो.

बारकोड की क्यूआर, यावर एकच सांगतो: तेलकट हात लागून लेबलाचा काही भाग गेला तरी एच लेव्हलचा, म्हणजे सर्वात जास्त नुकसान सोसणारा क्यूआर साधारण ३० टक्क्यांपर्यंत खराब झाला तरी वाचला जातो. बाकी लेखातच आहे, पूर्ण वाचला असतात तर दिसलं असतं.

कापडाच्या किंवा चपलांच्या खोक्यांचं गोदाम असेल तर आरएफआयडी जरूर लावा, मीही लावीन. लोखंडाला मात्र मी लावणार नाही.