घाटात न्यूट्रल? ताईच्या ग्रुपवरच्या फॉरवर्डला उत्तर

"घाटात गाडी चालवायची 4 सिक्रेट. 1) उतारावर न्यूट्रल करा, पेट्रोल निम्मे वाचते, इंजिनला आराम मिळतो. 2) उतरणाऱ्या गाडीला वेग असतो, म्हणून चढणाऱ्याने थांबावे. 3) आंधळ्या वळणावर हॉर्न दाबून धरा, समोरचा आपोआप थांबतो. 4) धुक्यात चारही इंडिकेटर चालू ठेवा. सर्व ग्रुपवर पाठवा, एखाद्याचा जीव वाचेल."

परवा माझ्या भाच्याचा फोन आला. लायसन्स काढून त्याला चार महिने झालेत. रविवारी आई, आजी आणि धाकट्या बहिणीला घेऊन तो महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणार आहे, म्हणजे आख्खा आंबेनळी घाट. "मामा, आईने पाठवलंय ते वाचलंस का? न्यूट्रलचं खरं आहे ना?" हा मेसेज ताईने आम्हा सगळ्यांना पाठवलाय आणि त्याखाली अकरा जणांनी अंगठे दाखवलेत. त्यातल्या एकालाही वाटलं नाही की हे पोरगं खरंच तसं करेल. मी कराड-चिपळूण मार्गावर बरीच वर्षं मालाचा टेम्पो चालवला आहे, त्यामुळे मला गप्प बसवत नाही.

न्यूट्रलपासूनच सुरुवात करतो, कारण जीव जातो तो याच मुद्द्यावर.

गाडी गिअरमध्ये असते तेव्हा उतारावर चाकं इंजिनला फिरवतात आणि इंजिन चाकांना अडवतं. ही अडवणूक फुकट मिळते, तिने ब्रेक तापत नाहीत आणि ती संपत नाही. न्यूट्रल केलं की ती गेली, आता सगळा भार ब्रेकवर. शंभर मीटरला सहा मीटर उतरणारा रस्ता धरा, घाटात हा काही फार मोठा उतार नाही. त्यावर न्यूट्रलमध्ये सोडलेल्या गाडीचा वेग दर सेकंदाला ताशी दीड-दोन किलोमीटरने वाढतो. तीसवर असलेली गाडी दहा सेकंदांत पंचेचाळीसच्या पुढे जाते, आणि आंबेनळीत दहा सेकंद सरळ रस्ता मिळणंच मुश्कील. म्हणजे प्रत्येक वळणाआधी ब्रेक, वळण संपलं की पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक, आणि असं चाळीस किलोमीटर.

आता त्या ब्रेकच्या अंगावर काय येतं ते बघा. महाबळेश्वर ते पोलादपूर बाराशे मीटरहून जास्त उतरावं लागतं. माणसं आणि सामान धरून गाडी पंधराशे किलोची असेल, तर एवढं उतरताना तिच्यातून जी ऊर्जा बाहेर पडते तिने साधारण साठ लिटर पाण्याला उकळी आणता येईल. हंडे भरून पाणी उकळवण्याइतकी उष्णता! वाऱ्याने आणि टायरच्या घर्षणाने त्यातली काही जाते, घाटातल्या हळू वेगाला वारा फारसा घेत नाही. उरलेली इंजिनने घ्यायची की चार चाकांतल्या वीत-दीड वीत लोखंडाने, एवढाच प्रश्न आहे. गिअरमध्ये असाल तर मोठा वाटा इंजिन घेतं. न्यूट्रलमध्ये सगळा ब्रेकने घ्यायचा.

ब्रेक जास्त तापले की दोन गोष्टी होतात. पहिली, पॅड आणि लायनर पकड सोडतात. पेडल घट्ट लागतं, पाय जोरात दाबता, पण गाडी थांबत नाही. दुसरी याहून वाईट. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. नवं डॉट 3 ऑइल 205 अंशांच्या वर उकळतं, पण ओल शिरलेलं 140 च्या आसपासही उकळू शकतं. ते उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणून पेडल लोण्यात गेल्यासारखं तळाला जातं. कोकणातल्या दोन पावसाळ्यांत ज्याने ऑइल बदललं नाही त्याला हे आधी कळणारही नाही, कारण गावातल्या रस्त्यावर त्याचे ब्रेक झकास लागतात.

हे मी वाचून सांगत नाहीये. 2004 च्या मे महिन्यात कुंभार्ली घाट उतरताना मी भरलेला टेम्पो चौथ्या गिअरमध्ये ठेवून पाय ब्रेकवरच टेकवून चाललो होतो. न्यूट्रलसुद्धा नव्हता, फक्त गिअर चुकीचा होता. अर्ध्या घाटात जळक्या रबराचा आणि कोळशाचा मिसळलेला वास यायला लागला. मला वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. शेजारी बसलेला क्लिनर म्हणाला, "शेठ, आपलाच हाये." पुढच्या वळणावर पेडल नेहमीपेक्षा दोन बोटं खाली गेलं. मी तिसरा टाकला, मग दुसरा. इंजिन ओरडलं, गाडी डोंगराच्या बाजूला घेतली आणि क्लिनरने उतरून मागच्या चाकाखाली दगड लावला. ड्रमजवळ हात नेला तर वीतभर अंतरावरून धग लागत होती. पोफळीला पोहोचायला आम्हाला पाऊण तास लागला, त्यातला अर्धा तास नुसता ब्रेक थंड होण्याची वाट बघण्यात गेला. तो वास माझ्या नाकात आजही आहे.

पेट्रोल वाचण्याच्या गोष्टीत एके काळी थोडं तथ्य होतं, तेवढं मान्य करतो. कार्बोरेटरच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरतानाही थोडं पेट्रोल ओढलं जायचं. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत उलटं आहे. गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलेटरवरून पाय काढला की संगणक पेट्रोलच बंद करतो, कारण इंजिन फिरवायला चाकं आहेतच. न्यूट्रल केलं की इंजिनला स्वतःच्या जोरावर चालू राहायला पेट्रोल लागतं, छोट्या गाडीला तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर. म्हणजे ज्या पेट्रोलसाठी जीव टांगणीला लावायचा तेही जास्तच जळतं. काही जण याच्या पुढे जाऊन किल्ली बंद करा सांगतात. तसं केलं तर ब्रेकला मदत करणारा बूस्टर दोन-तीन दाबांत रिकामा होतो आणि पेडल दगडासारखं होतं, पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि किल्ली काढलीच तर स्टिअरिंग लॉक होतं.

मग गिअर कुठला? जुने ड्रायव्हर सांगतात ते सोपं आहे: ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा. आंबेनळीसारख्या घाटात छोट्या गाडीला बहुतेक ठिकाणी दुसरा, जरा मोकळ्या पट्ट्यात तिसरा. गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा, वेग वाढल्यावर नाही. इंजिनचा आवाज वाढतो त्याला घाबरू नका, काटा लाल पट्टीच्या खाली असेल तर इंजिनला काही होत नाही. वेग वाढलाच तर ब्रेक थोडा वेळ पण ठाम दाबायचा, वेग खाली आणायचा आणि पाय पूर्ण काढायचा. पाय नुसता टेकवून ठेवणं म्हणजे माझी 2004 ची चूक. आणि क्लच दाबून उतरणं हेही न्यूट्रलच, नव्या मुलांच्या हे लक्षात येत नाही. ऑटोमॅटिक असेल तर डी वर सोडू नका, एल किंवा 2 किंवा मॅन्युअल मोड वापरा. इलेक्ट्रिकवाल्यांनी वर बॅटरी शंभर टक्के भरून निघू नये. भरलेल्या बॅटरीत वीज परत जायला जागा नसते, म्हणून सुरुवातीला गाडी स्वतःहून अडवत नाही.

चढणाऱ्याने थांबावं हा दुसरा मुद्दा सरळ नियमाच्या विरुद्ध आहे. 1989 च्या रस्त्याच्या नियमांत स्पष्ट लिहिलं होतं की डोंगरी आणि तीव्र चढाच्या रस्त्यावर दोन गाड्या सुखरूप जाऊ शकतील इतकी रुंदी नसेल, तर वर चढणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचं आणि उतरणाऱ्याने बाजूला थांबायचं. त्यांच्या जागी आलेल्या 2017 च्या चालन विनियमांनीही हा क्रम बदललेला नाही. त्यामागचं कारण चढावर थांबलेल्या कुठल्याही भरलेल्या गाडीच्या मागे उभं राहिलात की समजेल. पुन्हा निघताना ती आधी मागे सरकते, क्लच जळतो आणि मागे आणखी चार गाड्या असतात. उतरणाऱ्याला पुन्हा निघायला ब्रेक सोडला की पुरे. "मला वेग आहे" हे त्याचं कारणच होऊ शकत नाही. अरुंद रस्त्यावर थांबता येत नाही इतका वेग असेल तर मुळात चूक तिथेच झाली.

एक गोष्ट मात्र मानतो. चढणाऱ्याच्या अगदी मागेच रुंद जागा असेल आणि उतरणाऱ्याच्या मागे गाड्यांची रांग लागली असेल, तर चढणाऱ्याने दहा पावलं मागे यावं, यात शहाणपण आहे. ती समजूत आहे, हक्क नाही. आणि कोणीही बाजूला घ्या, पावसाळ्यात दरीकडची साइडपट्टी चाकाखाली पोकळ असू शकते, तिच्यावर चाक घालू नका.

आता हॉर्न. हॉर्न वाजवून समोरच्याला कळतं की कोणीतरी येतंय, तो थांबेलच असं नाही. त्याने काच लावून गाणी लावली असतील तर त्याला कळणारही नाही. आणि तुम्ही हॉर्न दाबूनच धरला तर त्याचा हॉर्न तुम्हाला ऐकू येणार नाही. माझी सवय सांगतो: वळणाच्या आधी वीस-पंचवीस मीटरवर दोन छोटे हॉर्न, मग बोट काढायचं, खिडकी चार बोटं उघडी, गाणी बंद, कान समोर. खालून एसटीचा हॉर्न आला तर वळणात शिरायचंच नाही, आधीच थांबायचं. लांब बसला कडक वळणावर आपली बाजू सोडून पूर्ण रस्ता घ्यावाच लागतो. रात्री हॉर्नपेक्षा डिपर आधी पोहोचतो, समोरच्या गाडीचा उजेड डोंगरावर पडलेला वळणाआधीच दिसतो. हॉर्न वाजवा, नाहीतर वाजवू नका, आपली डावी बाजू सोडायची नाही.

धुक्यात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावले तर मागच्याला वाटतं तुम्ही थांबलात, आणि वळताना तुमचा इंडिकेटर दिसतच नाही. पुढचे लो बीम आणि फॉग लाइट लावा, वेग कमी करा. चारही दिवे थांबलेल्या गाडीसाठी आहेत.

भाच्याला मी फोनवर एवढंच सांगितलं. निघण्याआधी ब्रेक ऑइल कधी बदललंय ते बघ, दोन वर्षं झाली असतील तर आधी बदलून घे. उतार लागण्याआधी दुसरा टाक. वास आला किंवा पेडल खाली गेलं तर डोंगराच्या बाजूला थांब, गाडी गिअरमध्ये ठेव, चाकाला दगड लाव, अर्धा तास बस. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नकोस, ती वाकते किंवा तडकते. आजी वाट बघेल, तिला घाई नाही.